ईसॉप एक्सरसाइज करण्याआधी कंपनीला काय विचारायचं?

प्रश्न: मी एका अनलिस्टेड खासगी कंपनीत नोकरी करतो. कंपनीच्या ईसॉप, म्हणजे कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क देणाऱ्या योजनेत माझे ३,००० ऑप्शन्स व्हेस्ट झाले आहेत, म्हणजे ते आता वापरता येतात. एक्सरसाइज प्राइस, म्हणजे ऑप्शन वापरून शेअर घेण्याचा भाव, ४० रुपये. एचआर म्हणतं, शेअरची आत्ताची किंमत ६४० आहे. मला वाटलं १ लाख २० हजार भरले की शेअर माझे. पण सहकारी म्हणाला, कर वेगळा असतो आणि तो यापेक्षा जास्त भरेल. माझं करपात्र उत्पन्न वर्षाला १८ लाखांच्या आसपास आहे, नवी करप्रणाली घेतली आहे. हे पैसे हप्त्यांनी भरता येतात का? कर कंपनी कापते की मी भरायचा? कंपनीला पत्र लिहायला बसलोय. एक्सरसाइजचा फॉर्मही सोबत जोडून टाकू का?

उत्तर: फॉर्म जोडू नका. बाकी सगळं नंतर बोलू, पण हे आधी. बहुतेक ईसॉप योजनांमध्ये एक्सरसाइजचा फॉर्म एकदा दिला की मागे घेता येत नाही, आणि त्या फॉर्मवरची तारीख तुमच्या कराचा पाया ठरते. तुम्हाला आत्ता फक्त माहिती हवी आहे. तेव्हा पत्रात पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहा की ही चौकशी आहे, एक्सरसाइजची सूचना नव्हे.

तुमच्या सहकाऱ्याचं बरोबर आहे. शेअर स्वस्तात मिळाल्यामुळे झालेला फायदा आयकर कायदा पगारातच धरतो. तुमच्या बाबतीत दर शेअरमागे ६४० वजा ४०, म्हणजे ६०० रुपये, गुणिले ३,०००. हे १८ लाख रुपये तुमच्या पगारात मिळवले जातील, एकही शेअर विकलेला नसताना. तुमचं उत्पन्न १८ लाखांवरून ३६ लाखांवर जाईल. नव्या करप्रणालीत १६ ते २० लाखांच्या टप्प्यावर २० टक्के, २० ते २४ लाखांवर २५ टक्के आणि त्यापुढे ३० टक्के कर आहे. म्हणजे पहिल्या २ लाखांवर ४० हजार, पुढच्या ४ लाखांवर १ लाख, उरलेल्या १२ लाखांवर ३ लाख ६० हजार. बेरीज ५ लाख, त्यावर ४ टक्के उपकर धरून ५ लाख २० हजार. शेअरचे १ लाख २० हजार मिळवा, आणि तुमच्या खिशातून जाणारी रक्कम होते ६ लाख ४० हजार. मिळतात ते असे शेअर, की जे उद्या सकाळी बाजारात जाऊन विकता येणार नाहीत.

म्हणून पत्रातला खरा मुद्दा आहे तो तारखांचा. पैसे किती हे गणित तुम्ही घरी बसून करू शकता. पैसे कधी, हे मात्र फक्त कंपनीच सांगू शकते.

आधी ६४० या आकड्याकडे बघू. एचआरने तो तोंडी सांगितला, तो कुठून आला हे तुम्हाला माहीत नाही. अनेकदा गेल्या गुंतवणूक फेरीत नव्या गुंतवणूकदाराने दिलेला भाव सांगितला जातो. तो सहसा प्रेफरन्स शेअरचा असतो आणि तुम्हाला मिळणाऱ्या साध्या इक्विटी शेअरचं मूल्य त्याहून वेगळं निघू शकतं. कधी चार्टर्ड अकाउंटंटने दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या मूल्यांकनाचा आकडा पुढे केला जातो. अनलिस्टेड कंपनीच्या ईसॉपवरचा कर काढताना यातलं काहीच चालत नाही. सेबीकडे नोंदणी असलेल्या मर्चंट बँकरने ठरवलेलं बाजारमूल्यच लागतं, आणि ते एक्सरसाइजच्या दिवसाचं किंवा त्याआधीच्या १८० दिवसांतल्या एखाद्या तारखेचं असावं लागतं. (लिस्टेड कंपनी असती तर हा घोळच नव्हता, एक्सरसाइजच्या दिवशीच्या उघडणाऱ्या आणि बंद होणाऱ्या भावाची सरासरी घेतात.)

या १८० दिवसांत बरंच काही दडलेलं असतं. समजा मूल्यांकन पाच महिन्यांपूर्वीचं आहे आणि कंपनी आता नवी फेरी उभी करते आहे. तुम्ही तीन आठवड्यांत फॉर्म दिला तर ६४० लागू होऊ शकतं. सहा आठवडे थांबलात तर ते मूल्यांकन शिळं होईल आणि नवं कदाचित बरंच वरचं असेल. उलटही होतं. कंपनीचे दिवस वाईट असतील तर नव्या मूल्यांकनाची वाट पाहण्यातच शहाणपण असतं. तेव्हा नुसतं "किंमत काय" असं विचारू नका. मर्चंट बँकरच्या अहवालाची तारीख आणि त्यातलं मूल्य लेखी मागा.

दुसरी तारीख शेअर वाटपाची. मूल्य धरायचं ते एक्सरसाइजच्या दिवसाचं, पण कर लागतो तो शेअर तुमच्या नावावर वाटले गेले त्या वर्षात. या दोन तारखांमध्ये अंतर असतं, कारण वाटपाला संचालक मंडळाचा ठराव लागतो आणि काही कंपन्या ईसॉपचे अर्ज साठवून तीन महिन्यांतून एकदाच मंजूर करतात. मार्चच्या मध्यावर पैसे भरले आणि ठराव एप्रिलमध्ये झाला, तर उत्पन्न पुढच्या कर वर्षात जातं. याचा तुम्हाला फायदा होऊ शकतो, पण तो अपघाताने होऊ देऊ नका. आणि पेरोलवाल्यांनी फॉर्मची तारीख बघून घाईघाईने मार्चच्या पगारातच सगळं दाखवलं, तर चूक तिथेच पकडायला हवी. टीडीएस विवरण एकदा भरलं गेलं की ते सुधारून घेणं फार कटकटीचं होतं.

आता हप्त्यांकडे येऊ. तुमचे दोन वेगळे भरणे आहेत आणि त्यांचं उत्तर एक नाही.

शेअरचे १ लाख २० हजार हप्त्यांनी घ्यायला कंपन्या सहसा तयार नसतात. पूर्ण पैसे आल्याशिवाय वाटप होत नाही. पण सगळे ऑप्शन्स एकदम एक्सरसाइज करण्याची सक्तीही बहुतेक योजनांत नसते. आज १,००० करा, उरलेले नंतर. एका वेळी किमान किती करावे लागतात तेवढं योजनेत पाहा. हप्त्यांची सोय खरी इथे आहे. काही खासगी कंपन्या यासाठी कर्मचाऱ्याला कर्जही देतात. बिनव्याजी दिलं तर त्या व्याजाची सवलतसुद्धा पगारातली सुविधा म्हणून करपात्र होऊ शकते, हे लक्षात असू द्या.

५ लाख २० हजारांचा कर हा दुसरा भरणा. हा टीडीएस कंपनीनेच कापायचा असतो. ती कंपनीची कायदेशीर जबाबदारी आहे. अडचण अशी की शेअर हे रोख पैसे नव्हेत, त्यांच्यातून काही कापून घेता येत नाही. मग कंपनी एकतर तुमच्या रोख पगारातून वसूल करते, किंवा वाटपाआधी ती रक्कम तुमच्याकडून बँकेतून मागते. पगारावरचा टीडीएस वर्षभराच्या अंदाजित उत्पन्नावर सरासरीने कापला जातो आणि एखाद्या महिन्यातली कमी-जास्ती त्याच वर्षाच्या पुढच्या महिन्यांत भरून काढता येते. त्यामुळे वाटप मे महिन्यात झालं तर अकरा पगारांत वाटून दरमहा साधारण ४७ हजार जास्त कापा, ही विनंती रास्त आहे. फेब्रुवारीत वाटप झालं तर दोनच पगार उरतात आणि दोन्ही मिळूनही ५ लाख २० हजार निघणार नाहीत. तेव्हा तुम्हाला रक्कम आणून भरावीच लागेल. कंपनी मे महिन्यातही आगाऊ रक्कम मागू शकते, कारण तुम्ही जूनमध्ये राजीनामा दिलात तर वसुली कुणाकडून करणार ही तिची भीती असते. त्यांनी नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका, पण विचारा. मात्र ३१ मार्चपलीकडे हप्ते नेता येत नाहीत.

याला एक अपवाद आहे. कंपनी पात्र स्टार्टअप असेल तर हा टीडीएस पुढे ढकलता येतो. शेअर मिळाले ते कर वर्ष संपल्यापासून पाच वर्षं पूर्ण होणं, शेअर विकणं किंवा नोकरी सोडणं, यातलं जे आधी घडेल त्यानंतर १४ दिवसांत कर भरायचा. दर मात्र शेअर मिळाले त्या वर्षाचेच. हे ऐकून पुष्कळजण खूश होतात, कारण त्यांची कंपनी सरकारदरबारी स्टार्टअप म्हणून नोंदलेली असते. पण ही नोंदणी, म्हणजे केंद्राच्या उद्योग विभागाची, डीपीआयआयटीची मान्यता, इथे पुरत नाही. स्टार्टअपच्या नफ्यावरच्या करसवलतीसाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचं जे वेगळं प्रमाणपत्र लागतं, तेच इथेही लागतं, आणि ते फार थोड्या कंपन्यांकडे असतं. तेव्हा "आपण स्टार्टअप आहोत का" हा प्रश्न निरुपयोगी आहे, त्याचं उत्तर हो असंच येईल. प्रमाणपत्राबद्दल विचारा. आणि ते असलं तरी नोकरी सोडल्यावर १४ दिवसांत ५ लाख २० हजार उभे करावे लागतील, हे डोक्यात ठेवूनच ही सवलत घ्या.

दोन वर्षांत विभागून घेतलं तर कर वाचतो का? तुमच्या उत्पन्नाला थोडा वाचतो. यंदा १,५०० आणि पुढच्या कर वर्षात १,५०० घेतले, मूल्य ६४० वरच राहिलं आणि पगारही तेवढाच राहिला, तर प्रत्येक वर्षी ९ लाख वाढतात. दोन्ही वर्षांत २० आणि २५ टक्क्यांचे टप्पे वापरता येतात, म्हणून कर दर वर्षी २ लाख ३९ हजार २०० पडतो, एकूण ४ लाख ७८ हजार ४००. वाचले ४१ हजार ६००. पण पुढच्या वर्षी मूल्य ७४० झालं, तर दुसऱ्या १,५०० शेअरवर दीड लाख जास्तीचं उत्पन्न धरलं जाईल आणि त्यावर उपकरासह ४६ हजार ८०० कर. म्हणजे दर शेअरमागे शंभर रुपयांची वाढ सगळी बचत खाऊन टाकते. ती वाढ शेअर हातात असताना झाली असती तर पुढे विक्रीच्या वेळी तिच्यावर भांडवली नफ्याचा, बराच कमी दराचा कर लागला असता. माझं मत विचाराल तर तुमच्या बाबतीत विभागणी कर वाचवण्यासाठी करू नका. पैसे उभे करायला वेळ हवा असेल तर जरूर करा. ज्याचं उत्पन्न आधीच २४ लाखांच्या वर आहे त्याला तर टप्प्यांचा काहीच फायदा नाही, फक्त एकूण आकडा ५० लाखांपुढे जाऊन अधिभार लागत असेल तरच विभागणीला अर्थ.

आता पत्र. ते एकट्या एचआरला पाठवू नका. मूल्यांकन आणि टीडीएस वित्त विभागाकडे असतो, वाटप कंपनी सेक्रेटरीकडे. एचआर फक्त पुढे ढकलतं आणि उत्तरं तुकड्यातुकड्यांनी येतात. तिघांना एकाच ईमेलमध्ये घ्या. कायद्याची कलमं लिहू नका. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्यामुळे १९६१ च्या कायद्यातले कलमांचे क्रमांक बदलले आहेत, आणि क्रमांकावरून सुरू झालेली चर्चा मुद्द्यावर परत येत नाही. मी लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं:

> विषय: व्हेस्ट झालेले ३,००० ऑप्शन्स एक्सरसाइज करण्यापूर्वी भरणा व कराबाबत माहिती मिळण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
>
> माझ्या ग्रँट लेटरनुसार (क्रमांक व दिनांक सोबत) माझे ३,००० ऑप्शन्स व्हेस्ट झाले असून एक्सरसाइज प्राइस प्रति शेअर ४० रुपये आहे. ते पूर्ण किंवा अंशतः एक्सरसाइज करण्याचा माझा विचार आहे. हे पत्र केवळ माहितीसाठी असून ते एक्सरसाइजची सूचना समजू नये.
>
> कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात. माझ्या नोंदीप्रमाणे व्हेस्ट झालेली संख्या आणि एक्सरसाइजची अंतिम मुदत आपल्या नोंदवहीशी जुळते का? एका वेळी किमान किती ऑप्शन्स एक्सरसाइज करावे लागतात आणि ते दोन वेगळ्या कर वर्षांत विभागता येतील का?
>
> कर आकारणीसाठी मर्चंट बँकरचं कोणत्या तारखेचं मूल्यांकन वापरलं जाईल, त्यातील प्रति शेअर मूल्य किती आणि ते कोणत्या तारखेपर्यंत ग्राह्य राहील? मुदतीपूर्वी नवं मूल्यांकन होणार आहे का?
>
> फॉर्म आणि रक्कम मिळाल्यापासून वाटपाचा ठराव सर्वसाधारणपणे किती दिवसांत होतो? पुढील ठराव केव्हा अपेक्षित आहे? शेअर माझ्या डीमॅट खात्यात केव्हा जमा होतील?
>
> माझ्या अंदाजे टीडीएसचा तपशील (करपात्र रक्कम, दर, उपकर) कृपया द्यावा. ही रक्कम पगारातून कापली जाईल की मला आगाऊ भरावी लागेल? आगाऊ असल्यास कोणत्या खात्यात व कोणत्या तारखेपर्यंत? याच कर वर्षातील उरलेल्या पगारांत ती समान हप्त्यांत कापावी, अशी माझी विनंती आहे. ते शक्य नसल्यास कृपया कळवावे.
>
> कर्मचाऱ्यांच्या शेअरवरील टीडीएस लांबणीवर टाकण्यासाठी आवश्यक असलेलं आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र कंपनीकडे आहे का? असल्यास त्याची प्रत मिळावी.
>
> एक्सरसाइजच्या रकमेसाठी कंपनीची कर्जयोजना किंवा शेअर विकून रक्कम वळती करण्याची सोय आहे का, आणि वाटपानंतर विक्रीवर कोणती बंधनं आहेत, हेही कळावे.
>
> आपला,
> (नाव, कर्मचारी क्रमांक)

यात "समान हप्त्यांत कापावी, अशी विनंती" हे वाक्य मुद्दाम ठेवलं आहे. नुसतं "हप्ते मिळतील का" विचारलं तर एका शब्दात नाही येतं; ठरावीक मागणी समोर असली की वित्त विभागाला तिच्यावर विचार करून उत्तर द्यावं लागतं. विक्रीच्या बंधनांचा प्रश्नही गाळू नका. खासगी कंपनीच्या नियमावलीत शेअर आधी जुन्या भागधारकांना देऊ करावा लागतो अशी अट बहुधा असते आणि योजनेत लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ शेअर न विकण्याची अटही असू शकते. ६ लाख ४० हजार किती वर्षं अडकून पडणार, हे त्यावरून कळतं. डीमॅट खातं नसेल तर आत्ताच उघडा. छोट्या कंपन्यांचा अपवाद वगळता खासगी कंपन्यांनाही आता शेअर डीमॅट स्वरूपातच द्यावे लागतात.

उत्तर आल्यावर दोन गोष्टी तपासा. अंदाजे टीडीएस ५ लाख २० हजारांपेक्षा बराच वेगळा असेल तर त्यांनी कुठलं मूल्य आणि तुमचं किती उत्पन्न धरलं ते विचारा. जुनी करप्रणाली गृहीत धरलेली असणं हे नेहमी सापडणारं कारण आहे. आणि उत्तरात वाटपाची अंदाजे तारीखही नसेल तर पैसे भरू नका, पुन्हा विचारा.

एक धोका पत्राने कमी होत नाही. कर भरल्यानंतर शेअरचं मूल्य ६४० वरून २०० वर आलं तरी भरलेले ५ लाख २० हजार परत मिळत नाहीत. २०० ला विकलात तर झालेला तोटा भांडवली तोटा ठरतो. तो पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही, फक्त भांडवली नफ्यातून, आणि आठ वर्षं पुढे नेता येतो. ज्यांच्याकडे दुसरा भांडवली नफाच नाही त्यांना त्याचा उपयोग कागदावरच. म्हणून एक्सरसाइजची अंतिम मुदत अजून लांब असेल आणि कंपनीचे शेअर विकत घेणारं कुणी दृष्टिपथात नसेल, तर पत्राचं उत्तर घेऊन फाइलमध्ये ठेवणं आणि यंदा काहीच न करणं हाही चांगला निर्णय असू शकतो. नोकरी सोडायचा विचार असेल तर मात्र गणित बदलतं, कारण राजीनाम्यानंतर एक्सरसाइजसाठी योजनेत सहसा थोडेच दिवस दिलेले असतात. ती मुदत आधी पाहा.

शेअर घेतलेतच तर पुढचं काम कागदांचं आहे. मार्चखेरीज इतर महिन्यांत कापलेला टीडीएस कंपनीने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि मार्चमधला ३० एप्रिलपर्यंत सरकारकडे भरायचा असतो. तिमाही विवरणानंतर तो आयकर पोर्टलवर तुमच्या खात्यात दिसला पाहिजे. तुम्ही आगाऊ दिलेली रक्कम पोर्टलवर दिसत नसेल तर लगेच विचारा, वर्षअखेरीची वाट पाहू नका. ज्याला आपण आजवर फॉर्म १६ म्हणत आलो त्या वार्षिक प्रमाणपत्रात आणि सोबतच्या सुविधांच्या तक्त्यात १८ लाखांची नोंद आहे का बघा. मूल्यांकन अहवालाची प्रत, वाटपाचं पत्र आणि हा तक्ता एकत्र जपून ठेवा. पुढे शेअर विकाल तेव्हा तुमची खरेदी किंमत ६४० धरायची, ४० नाही, कारण मधल्या ६०० वर तुम्ही कर भरून झालेला असतो. वाटपाच्या तारखेपासून २४ महिन्यांहून अधिक काळ ठेवून विकलेत तर दीर्घ मुदतीचा नफा म्हणून १२.५ टक्के कर आणि वर उपकर. त्या वेळी हाताशी कागद नसले आणि विवरणपत्रात ४० रुपये खरेदी किंमत टाकली गेली, तर त्याच १८ लाखांवर पुन्हा कर लागेल: उपकर सोडून २ लाख २५ हजार.